कडूबाईचे सात चॅनल

आंधळ्या माणसाच्या घरातली वस्तू जागची हलवू नये, हे शहाणपण कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ते घरातच असावं लागतं. कडूबाईच्या लेकाच्या, कल्याणच्या घरात ते नव्हतं, आणि त्यापायी आमच्या वाडीत जे रामायण घडलं ते सांगताना माझं डोकं अजून तापतं. तापू दे. काही गोष्टी थंड डोक्यानं सांगायच्याच नसतात.

मी रुपाली. जामखेडहून खर्ड्याकडं जाताना आमची वाडी लागते, तिथल्या अंगणवाडीत मी सेविका आहे. कडूबाईची आणि माझी भिंत एक. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे मरणानंसुद्धा तोंड वाकडं करून पुढं जावं. नाव लागू पडलं. सत्तरी ओलांडली तरी बाई ठणठणीत, आणि जीभ नावाला जागणारी. मी तिला मावशी म्हणते. ती मला कधी 'पोरी' म्हणते, कधी 'अगं ए भवाने'. दोन्हींत माया सारखीच असते.

काचबिंदूनं तिचे डोळे गेले. आधी एक गेला तो तिनं कुणाला सांगितलाच नाही. दुसरा जायला लागला तेव्हा कल्याण तिला नगरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, आणि डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. कल्याण तिचा एकुलता मुलगा. तो आणि सून पंकजा दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात ते उन्हाळा लागल्यावरच परत येतात. मधले सगळे महिने कडूबाई घरात एकटी. एकटी म्हणजे खरोखरच एकटी. दोन शेळ्या, एक चूल, एक टीव्ही.

लोकांना वाटायचं, आंधळीला टीव्ही कशाला? या प्रश्नाची मला चीड आहे. तो टीव्ही तिचं घड्याळ होतं. सकाळी भजनाच्या चॅनलवर आरती लागली की ती चूल पेटवायची. दुपारची मालिका संपली की शेळ्यांना पाणी. सह्याद्रीवर सातच्या बातम्या सुरू झाल्या की दाराला कडी आणि बीपीची गोळी. शेतीचा कार्यक्रम, कीर्तन, जुनी गाणी, सगळं तिच्या दिवसात आपापल्या जागी बसलेलं होतं. बोलणारं घड्याळही एकदा लेकीनं आणून दिलं होतं. ते इंग्रजीत बोलायचं. मावशी त्याला म्हणाली, "तुझ्या मायला, नीट बोल की," आणि शेळीच्या गळ्यात बांधून टाकलं.

हे सगळं शक्य झालं होतं मेहताबमुळं. मेहताब शेखचं जामखेडला टीव्ही आणि डिश दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस कामाला चोख, तोंडाला तिखट. मावशीच्या टीव्हीला जोडलेला डबा म्हणजे महिन्याचा रिचार्ज न लागणाऱ्या फुकट डिशचा, बाजारात मिळतो तो साधा. त्यात चॅनलांना ठरलेले नंबर नसतात. शोध घेताना जो चॅनल आधी सापडेल तो वर, नंतरचा खाली. सह्याद्री कुठं चाळिसाव्या नंबरावर, भजन पुढं कुठंतरी, मधे नुसती ओरडणारी हिंदी चॅनलं. मेहताबनं एक अख्खी दुपार मावशीशेजारी बसून ती रांग नवी लावली. मेनूत जायचं, चॅनल निवडायचा, उचलायचा, वर न्यायचा, सोडायचा. मावशी आवाज ऐकून सांगायची, "हा न्हाई. फुडं." एक नंबरला सह्याद्री, दोनला भजन, तीनला मालिका, अशी सात चॅनलांची रांग झाली.

रिमोटवर पाचच्या बटणाला एक बारीक उंचवटा असतो. डोळसांना तो कधी दिसत नाही. मावशीचा अंगठा तिथं टेकला की बाकीची सगळी बटणं तिला सापडायची. त्या दिवशी मेहताब आणि मावशी दोघं पाच-सहा वेळा भांडले, आणि जाताना तो चहा पिऊन गेला.

आता कल्याणचं ऐका.

दिवाळी झाली. टोळीचा ट्रॅक्टर सकाळी येणार होता. आदल्या संध्याकाळी पंकजा भांडीकुंडी बांधत होती, आणि कल्याण टीव्हीसमोर. त्याला कुणी मित्रानं सांगितलं की अमुक एक सिनेमाचं चॅनल फुकट सुरू झालंय. ह्याच्या डब्यावर ते दिसेना. मित्र फोनवर म्हणाला, "रिसेट मार, समदे येत्यात."

"आत्यांचे नंबर हायेत त्यात," पंकजा म्हणाली. हे मी माझ्या कानांनी भिंतीपलीकडून ऐकलं.

"कुठं जात्यात नंबर? परत येत्यात समदे," कल्याण म्हणाला.

आले की! सगळे आले. डब्यानं आधीची यादी पुसली, नव्यानं शोध घेतला, शंभरावर चॅनल सापडले आणि सापडले त्या क्रमानं बसले. सिनेमाचं चॅनलही मिळालं. त्यानं ते जेवताना बघितलं, पुढचा सिनेमा अर्धा बघितला, आणि सकाळी ट्रॅक्टरवर बसून निघून गेला. एका संध्याकाळच्या पिक्चरसाठी, आईचा सहा महिन्यांचा दिवस उधळून! आणि कुणाला काही विचारलं? मावशी तिथंच, तीन हातांवर बसली होती. तिला वाटलं, लेक जाणार म्हणून जरा टीव्ही बघतोय.

ट्रॅक्टर गेल्यावर तिनं एक दाबलं. कुणीतरी भोजपुरीत नाचत होतं. दोन दाबलं. चपात्यांच्या तव्याची जाहिरात. तीन, चार, पाच. मग तिला वाटलं, रिमोटच उलटा धरलाय. उलटा धरून पुन्हा पहिल्यापासून दाबलं. मी अंगणवाडीतून आले तेव्हा ती खाटेवर बसलेली, चूल थंड, आणि शेळ्या ओरडत होत्या.

"रुपाली, माजं बोट फिरलं का गं?" तिनं विचारलं.

तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. तिला वाटत होतं की चूक तिची झाली. डोळे गेले, आता बोटंही गेली. मी रिमोट घेतला, यादी उघडली, आणि मला आदल्या रात्रीचं बोलणं आठवलं. मी तिला खरं ते सांगून टाकलं. त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिता येणार नाही, पण तिचा आवाज जागेवर आला एवढं मात्र झालं.

मी कल्याणला फोन लावून तिच्या हातात दिला. स्पीकर चालू होता.

"माजा सयाद्री कुठं घातलास?" ती कडाडली.

"आई, असंल की तिथंच. खालीवर झाला असंल. दाबत बसायचं, सापडतो."

"शंबर वेळा दाबू? मला काय दिसतंय का कुटं थांबायचं ते?"

मग कल्याणनं कमालच केली. तो म्हणाला, "मी म्हनतच हुतो. तुला आता साधा टीव्ही लावता येईना, तर एकटी कशी ऱ्हाशील? मी लंकाला सांगतो. ऐतवारी येऊन नगरला घिऊन जाईल."

बघा आता. ज्यानं पायाखालची पायरी काढली, तोच म्हणतोय, तुला चालता येत नाही! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. लंकाबाई म्हणजे मावशीची लेक. ती नगरला एमआयडीसीजवळ एका खोलीत नवरा आणि दोन मुलांसह राहते. लेक वाईट नाही. पण तिथं गेल्यावर मावशी कोपऱ्यातल्या गाठोड्यासारखी पडून राहिली असती. शेळ्या विकल्या असत्या, घराला कुलूप लागलं असतं, आणि ते कुलूप मग पुन्हा निघालं नसतं. हे मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मी ह्या घरातनं जानार न्हाई. गेले तर चौघांच्या खांद्यावर."

मी स्वतः यादी लावून बघितली. माझा अनुभव सांगते. दोन चॅनल वर नेले, बाहेर पडताना डब्यानं विचारलं, बदल जपायचे का? मी घाईत 'नाही'वर दाबलं. सगळं पुन्हा पहिल्यासारखं. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू पोरं संबाळ. म्हेताबला बोलीव."

मेहताबचा फोन लागेना, म्हणून शनिवारी सकाळी मी जीप पकडून जामखेडला गेले. दुकानात तो एका टीव्हीचं पोट उघडून बसला होता. मी सांगायला लागले तसा त्याच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"म्हणजे माझी लावलेली रांग पुसली?"

"हो."

"कुणी?"

"कल्याणनं."

"अहो ताई, डब्यात पसंतीची यादी असते वेगळी! त्याचे सिनेमे त्यानं त्यात ठेवायचे होते. नवा चॅनल पाहिजे होता तर नुसता नवा शोध घ्यायचा, तो शेवटी येऊन बसतो, वरच्याला धक्का लागत नाही. पुसायची गरजच नव्हती!" तो स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटून उठला. "ह्या लोकांना रिसेट म्हणजे देवाचा अंगाराच वाटतो. काही झालं की लाव."

म्हणजे मार्ग होता. दोन बटणांचा. आईची रांगही राहिली असती आणि त्याला सिनेमाही मिळाला असता. हे कळल्यावर मला जास्तच राग आला. कल्याणला ते येत नव्हतं म्हणून नाही. येत नसेल तर माणूस विचारतो. त्याला विचारावंसंच वाटलं नाही.

मेहताबनं शटर ओढलं आणि मला गाडीवर मागं बसवून वाडीत आणलं. दारातच मावशी म्हणाली, "आलास का? मला वाटलं, मेलास का काय."

"तुम्हांला पोचवल्याशिवाय मी कुठं मरतोय मावशी," तो म्हणाला आणि चपला काढून टीव्हीसमोर बसला.

काम सुरू झालं. मेहताब यादीत शिरला. एकेक चॅनल लावायचा, मावशी कान देऊन ऐकायची. जाहिरात चालू असेल तर थांबायचं, कारण जाहिराती सगळीकडं सारख्याच. "ह्यो!" म्हणाली की तो उचलून वर न्यायचा. पाच चॅनल जागेवर बसले, आणि लाईट गेली.

जपायचं राहिलं होतं. म्हणजे पाचही गेले.

मेहताबनं वीज मंडळाचा उद्धार केला, मावशीनं वायरमनच्या खानदानाचा, आणि मी दोघांचा. लाईट आली ती दुपार उतरल्यावर. तोवर तो गेला नाही. माझ्या घरी भाकरी खाऊन परत त्या खाटेजवळ येऊन बसला. या वेळी दर चॅनलमागं बाहेर पडायचं, जपायचं, पुन्हा आत जायचं. सातही झाले तेव्हा मावशीनं रिमोट मागून घेतला. अंगठा पाचवर टेकवला, वर सरकवला, एक दाबलं. सह्याद्री. दोन, भजन. तीन, चार. सात झाल्यावर उलट्या क्रमानं पुन्हा सगळे. तिच्या चेहऱ्यावर हसू वगैरे काही आलं नाही. ती म्हणाली, "आता ह्याला कुलूप लाव."

"कुलूप?"

"घराला लावत्यात तसं. माज्याबिगर कुनी हात लावला न्हाई पायजे."

मेहताब जरा विचारात पडला, मग त्याला पटलं. डब्यात तशी सोय असते. मेनूला कुलूप लावलं की चॅनल बघता येतात, पण शोध घ्यायला, यादी हलवायला किंवा रिसेट करायला चार आकडे मागतो. त्यानं कंपनीचे मूळचे चार शून्य टाकले, नवा आकडा टाकायची जागा उघडली आणि रिमोट तिच्या हातात दिला.

"सांगू नका मला," तो म्हणाला. "ताई, तुम्हीही बाहेर बघा."

आम्ही दोघं दाराकडं तोंड करून बसलो. मागं चार टिकटिक झाल्या. मग खात्रीसाठी पुन्हा तेच चार.

रविवारी लंकाबाई आली. हातात रिकामी पिशवी, आईचे कपडे भरायला. येताच म्हणाली, "आई, दादाचा फोन आल्ता. तू लई गोंधळलीस म्हनं. तुला आता उमगत न्हाई."

मावशीनं लेकीला बसवलं, स्वतः चहा केला, अंदाजानं साखर घातली आणि ती बरोबर पडली. मग टीव्ही लावला. कीर्तन ऐकवलं, कीर्तन संपताच मालिका लावली, आणि ती संपताच म्हणाली, "आता शेरडाला पानी दावायची येळ झाली." लंकाबाईनं मोबाईलमधली वेळ बघितली. तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा मी, आमच्या भिंतीतून ऐकू आलं होतं ते, 'आत्यांचे नंबर हायेत त्यात' पासून शेवटपर्यंत, सगळं सांगितलं. चुगली म्हणा हवं तर.

लंकाबाईचा चेहरा लाल झाला. तिनं तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, तूच मोडलंस आन तूच आईला येडी ठरीवलंस?" एवढं म्हणून ती रडायला लागली, म्हणून पुढचं मावशीनं फोन घेऊन पुरं केलं. संध्याकाळी लंकाबाई रिकाम्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा भरून परत गेली.

सगळा हिवाळा मावशी एकटी राहिली. सातला कडी वाजायची आणि मला भिंतीपलीकडून कळायचं की सात वाजले.

एप्रिलच्या सुरुवातीला टोळी परतली. कल्याण उन्हानं काळाठिक्कर पडून आला होता, हातांना कोयत्याचे घट्टे. कष्ट करतो, ते मी नाकारत नाही. कष्ट केले म्हणजे आईला न विचारण्याचा परवाना मिळतो असं मात्र नाही. आल्या संध्याकाळी अंघोळ करून, मावशीची बातम्यांची वेळ व्हायच्या आत त्यानं रिमोट उचलला. ह्या फुकट डिशवर दर साली एप्रिल उजाडला की काही चॅनल जातात, काही नवे येतात. त्याचं सिनेमाचं चॅनल गेलं होतं. पडदा निळा. नवं आलेलं हवं तर नवा शोध घ्यायला हवा.

तो मेनूत गेला. डब्यानं चार आकडे मागितले. त्यानं चार शून्य टाकले. चूक. एक-दोन-तीन-चार. चूक. स्वतःच्या मोबाईलचे शेवटचे आकडे. चूक. मी पीठ मागायच्या निमित्तानं दारात जाऊन उभी होते. असला देखावा कोण सोडतं?

त्यानं मेहताबला फोन लावला.

"माझ्याकडं नाही आकडा," मेहताब म्हणाला. "आईला विचारा." आणि ठेवून दिला.

कल्याण रिमोट हातात घेऊन बसून राहिला. मावशी खाटेवर, भुईमुगाच्या शेंगा सोलत. तिला सगळं ऐकू येत होतं. चुकल्यावर डब्याचा येणारा आवाजही तिला पाठ झाला असेल. पंकजा चुलीपाशी पाठ करून भाकरी थापत होती, आणि भाकरी जरा जोरातच थापत होती.

"आई," तो शेवटी म्हणाला, "नंबर काय ठिवलाय?"

"कशाचा?"

"टीव्हीचा. ते कुलूप लावलंय त्याचा."

"तुला कशाला पायजे?"

"चॅनल गेलंय. परत शोधायचंय."

"मग दाबत बस," मावशी म्हणाली. "सापडतो."

त्याचेच शब्द होते. त्यालाही ते ओळखू आले. मावशीनं शेंगांची टरफलं सुपात झटकली, आणि मग ती मोठ्यानं बोलली.

"मला नगरला धाडायला निगाला हुतास. बिनइच्चारता. माज्या घरातनं मला काढत हुतास, आन मला वाटत ऱ्हायलं माजीच बोटं गेली. एक दिस समदा मी माज्या हाताकडं बघत बसले, दिसत नसताना. माजं काय गेलं ते तुला ठावं हाय का रं कल्याण?"

कल्याणनं मान खाली घातली. "न्हाई," तो म्हणाला. आणि मग, "चुकलं, आई."

ती त्याला पटकन माफ करणारी बाई नाही, आणि तिनं केलंही नाही. तिनं हात पुढं केला. त्यानं रिमोट तिच्या तळव्यावर ठेवला. अंगठा पाचच्या उंचवट्यावर टेकला. कल्याणनं आपण होऊन तोंड भिंतीकडं फिरवलं, तेव्हा पंकजाच्या हातातली भाकरी थांबली.

पण मावशीनं आकडा टाकला नाही. मेनूतून बाहेर आली आणि एक दाबलं. सातच्या बातम्या सुरू होत होत्या.

"आई, चॅनल शोधायचं हुतं," कल्याण भिंतीकडं बघतच म्हणाला. "शोधू का?"

"बातम्या संपू दे," ती म्हणाली. "आन तवर दाराला कडी घाल, माजी गोळी दे."

तो उठला, मी दारातून मागं सरले, आणि त्यानं दाराला कडी घातली.